ती गोळी सगळ्यांसाठी नाही



वक्तृत्व स्पर्धेआधी व तोंडी परीक्षेआधी प्रोप्रॅनोलॉल घ्यावी, असे सुचवणारे पत्र वाचले. या गोळीने हाताची थरथर आणि छातीची धडधड कमी होते, हे खरे. पाठ न झालेले मात्र आठवत नाही. पण पत्रात दम्याचा उल्लेखच नाही, आणि खरा धोका तिथेच आहे.

आपल्याकडे सोयाबीन-तुरीच्या मळणीत ज्या मुलाला रात्री खोकला येतो, छातीत शिट्टी वाजते, त्याला घरचे ‘ॲलर्जी’ म्हणतात. अशा मुलाला ही गोळी दिली तर श्वासनलिका आवळू शकतात. वर पंपातले साल्ब्युटामॉल ज्या जागी काम करते, तीच जागा गोळीने अडवलेली असते. म्हणजे ऐनवेळी पंपही नीट चालत नाही. दमा असल्यास, पूर्वी असल्यास किंवा शंका असल्यास ही गोळी नकोच.

नाडी मंद, रक्तदाब कमी किंवा हृदयात ब्लॉक असणाऱ्यांनीही टाळावी. इन्सुलिन घेणाऱ्यांना या गोळीमुळे साखर उतरल्याची धडधड जाणवत नाही.

डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्यास प्रौढांसाठी मात्रा सहसा १० ते ४० मिलिग्रॅम, प्रसंगाच्या तासभर आधी. सुरुवात १० नेच करावी आणि पहिली गोळी सुटीच्या दिवशी, घरी कुणी असताना घ्यावी. उठताना चक्कर आली, गळून गेल्यासारखे वाटले किंवा श्वास लागला, तर ही गोळी परीक्षेला नको. श्वास लागल्यास थेट दवाखाना गाठावा.

मित्राच्या पाकिटातली गोळी कृपया घेऊ नका.

– एक डॉक्टर, कारंजा (लाड), जि. वाशीम