उंची वाढते पहिल्या झोपेत

पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी घेतला. मुलांची झोप पुरी होत नाही, याकडे तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी त्याआधी लक्ष वेधले होते. पुण्यासारख्या शहरात मात्र दोन सत्रांतल्या शाळा, स्कूलबसच्या फेऱ्या आणि पालकांच्या नोकरीच्या वेळा यांचे गणित जुळवणे सोपे नाही. पहाटे उठवल्याने मुलांची उंची खुंटते का, ही पालकांची शंकाही त्यात असते.

वाढीचे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून दिवसभर सारखे झिरपत नाही. ते थोड्या थोड्या वेळाने उसळी मारल्यासारखे रक्तात येते. त्यातली सर्वांत मोठी उसळी बहुधा झोप लागल्यावर तासाभरात, पहिल्या गाढ झोपेबरोबर येते. दिवसा अनेकदा रक्तातले त्याचे प्रमाण नगण्य असते. म्हणूनच त्याची कमतरता ओळखण्यासाठी केव्हाही घेतलेला रक्ताचा एक नमुना पुरत नाही, औषध देऊन ग्रंथीला उत्तेजित करून चाचणी करावी लागते.

समजा, हडपसरमधली तिसरीतली मुलगी रात्री साडेदहाला झोपते आणि बससाठी साडेपाचला उठते. तिची गाढ झोप मुख्यतः पहिल्या तीन-साडेतीन तासांत होऊन जाते. पहाटेच्या गजराने तुटते ती प्रामुख्याने नंतरची, स्वप्नांची झोप. या वयात नऊ ते बारा तास झोप हवी, तिला मिळते सात. त्याचा फटका लक्ष, स्मरण आणि चिडचिडेपणाच्या रूपाने वर्गात दिसतो. उंची त्यामुळेच खुंटली, असे मात्र म्हणता येत नाही. प्रौढांवरच्या अभ्यासात रात्री हुकलेल्या उसळीची भरपाई शरीर दिवसा बरीचशी करते, असे दिसले आहे. शाळा नऊला भरली आणि मूल बाराला झोपू लागले, तर हाती काहीच लागणार नाही.

गाढ झोप खरोखर मोडते ती श्वास अडल्याने. टॉन्सिल आणि नाकामागची अ‍ॅडेनॉइड ग्रंथी वाढलेले मूल रोज घोरते, तोंडाने श्वास घेते, मध्येच श्वास थांबून दचकते. दहा तास अंथरुणात असूनही त्याची झोप तुटक राहते. अशा काही मुलांची वाढ मंदावते आणि शस्त्रक्रियेनंतर ती पुन्हा वेग घेते.

हे ओळखायला टेप पुरते. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढते. दर सहा महिन्यांनी भिंतीला टेकवून उंची मोजावी आणि लिहून ठेवावी. वर्षाची वाढ चार सेंटिमीटरहून कमी भरली, किंवा मूल बहुतेक रात्री घोरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. ‘उंची वाढवणाऱ्या’ पावडरींवर ते वर्ष घालवू नये.