गॅलरी रिकामी झाली, पण फोटो गेले कुठे?

सोपारा गावातल्या आमच्या एका खालांचा जुम्याच्या दिवशी दुपारी फोन आला. आवाज भरून आलेला होता. "बेटा, माझ्या फोनमधून तुझ्या खालूंचे सगळे फोटो गेले. एकसुद्धा राहिला नाही." खालूंच्या इंतकालाला दोन वर्षं झाली आहेत. त्यांचे शेवटच्या ईदचे फोटो, नातवाला मांडीवर घेऊन बोलत असतानाचे व्हिडिओ, सगळं त्या एकाच फोनमध्ये होतं. नालासोपारा स्टेशनजवळच्या एका दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं की फोन ठेवून जा, रिसेट मारून सॉफ्टवेअरने फोटो काढून देतो. मी म्हटलं, "खाला, फोन कुणाच्याही हातात देऊ नका. काहीही दाबू नका. मी संध्याकाळी येतो."

गेल्या वर्षभरात अशा प्रकारची ही माझ्याकडे आलेली चौथी तक्रार. चारही ठिकाणी सुरुवात एकाच बटणापासून झाली होती, म्हणून या महिन्यात त्याबद्दलच लिहितो.

गुगल फोटोज हे अॅप बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासूनच असतं. त्यात बॅकअप चालू केला की फोनमधल्या प्रत्येक फोटोची एक प्रत इंटरनेटवरून गुगलच्या खात्यात जाऊन बसते. म्हणजे एक फोटो आपल्या घरच्या कपाटात, दुसरा नातेवाइकाच्या कपाटात. मग कधीतरी फोन भरतो. अॅपमध्ये वर उजव्या कोपऱ्यात आपलं गोल चित्र असतं, ते दाबलं की Free up space असा पर्याय दिसतो, कधी किती जीबी मोकळे होतील तेही लिहिलेलं असतं. तो दाबला की ज्या फोटोंची प्रत खात्यात पोहोचली आहे, ते सगळे फोटो अॅप फोनमधून पुसून टाकतं. नातेवाइकाच्या कपाटातली प्रत राहते, घरची जाते. अॅप सांगतं तेवढंच करतं, त्यात त्याची चूक नाही. पण आपण मात्र "जागा मोकळी करा" याचा अर्थ कचरा काढणं असा घेतो.

फोनची स्वतःची गॅलरी फक्त घरचं कपाट दाखवते. म्हणून ती उघडली की सगळं रिकामं. गुगल फोटोज उघडलं तर तेच फोटो तिथे दिसतात, फक्त मोठे करून बघायला इंटरनेट लागतं.

इथपर्यंत प्रकरण सोपं आहे. खालांच्या बाबतीत मात्र गुगल फोटोजही जवळजवळ रिकामंच दिसत होतं. चार-पाच फोटो, तेही मागच्या आठवड्यातले. त्या घाबरल्या त्या यामुळेच.

चहा झाल्यावर हळूहळू सगळी हकीकत कळली. दोन महिन्यांपूर्वी फोन भरला, तेव्हा दोह्याला असलेल्या मुलाने फोनवरून सांगितलं आणि खालांनी Free up space दाबलं. फोन हलका झाला. काही दिवसांनी दुसराच संदेश येऊ लागला की गुगलच्या खात्यातली जागा भरत आली आहे. ही जागा फुकट मिळते ती १५ जीबी, आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. १ जून २०२१ पासून गुगलने नव्या सगळ्या फोटोंची जागा त्यातच धरायला सुरुवात केली, त्याआधी कमी दर्जात ठेवलेले फोटो मोजले जात नव्हते. तर अॅपने मोठे व्हिडिओ दाखवले, आणि खालांनी "हे गुगलमधले आहेत, फोनमध्ये आहेतच" असं समजून नऊ व्हिडिओ काढून टाकले. खालूंचे. फोनमध्ये ते दोन महिन्यांपासून नव्हतेच.

पुढे शेजारच्या मुलाने उपाय सुचवला की नवीन ईमेल काढू, म्हणजे आणखी १५ जीबी फुकट मिळेल. त्याने तसं केलं आणि अॅप नव्या खात्यावर वळवलं. नवं खातं म्हणजे नवं रिकामं कपाट. जुने फोटो जुन्या खात्यातच होते, पण दिसत नव्हते.

म्हणून मी पहिल्यांदा काय केलं, तर अॅपमधलं ते गोल चित्र दाबलं, नावाशेजारच्या बाणावर बोट ठेवलं आणि जुनं खातं निवडलं. दोन-तीन सेकंद काही नाही. मग खालू दिसायला लागले. वसईच्या किल्ल्यातले, वलीम्याला शेरवानी घातलेले, दवाखान्यातले. खाला काही बोलल्या नाहीत, फक्त पदर डोळ्यांना लावला.

तुमच्या घरी असं झालं तर आधी हेच बघा. फोनमध्ये एकापेक्षा जास्त ईमेल असतील तर प्रत्येकावर जाऊन पाहा. एखादा फोटो कुठे आहे हे ओळखायचं असेल तर तो उघडून बोटाने वर सरकवा, खाली तपशील येतो. तिथे Backed up लिहिलं असेल तर खात्यात प्रत आहे. On device लिहून पुढे फोल्डरचा पत्ता असेल तर फोनमध्येही आहे. नुसतं Backed up असेल तर तीच एकमेव प्रत, तिला हात लावायचा नाही.

आता ते नऊ व्हिडिओ. बॅकअप झालेली वस्तू गुगल फोटोजमधून काढली की ती ६० दिवस कचरापेटीत राहते, तिला आपल्याकडच्या फोनवर Bin किंवा Trash म्हणतात. बॅकअप न झालेली वस्तू ३० दिवसच राहते. खालांनी व्हिडिओ कधी काढले ते त्यांना आठवत नव्हतं, पण त्या दिवशी विजेचं बिल भरल्याचं आठवत होतं. पावती काढली, ३६ दिवस झाले होते. म्हणजे २४ दिवस हातात होते. पेटी उघडली, नऊच्या नऊ होते. सगळ्यांवर खूण करून Restore दाबलं आणि ते जुन्या जागी परत आले. आणखी महिनाभर थांबलो असतो तर ते परत मिळाले नसते, दुकानातल्या कुठल्या सॉफ्टवेअरनेही नाही, कारण ते फोनमध्ये नव्हतेच. आणि फोन रिसेट झाला असता तर? जुन्या खात्याचा पासवर्ड घरात कुणालाच ठाऊक नव्हता. फोन घेताना दुकानात कुणीतरी खातं काढून दिलं होतं आणि बदलाचा मोबाईल नंबरसुद्धा त्याच माणसाचा घातला होता. खालांचं आणि खालूंच्या फोटोंचं नातं त्या फोनमधल्या चालू लॉगिनवर टिकून होतं. आपल्याकडे असे किती फोन असतील, मला माहीत आहे, आमच्याच इमारतीत तीन आहेत.

म्हणून फोटो उतरवण्याआधी पासवर्ड. फोनच्या सेटिंगमध्ये गुगल, तिथे त्या खात्याची सुरक्षा, मग पासवर्ड विसरलो. लॉगिन असलेल्या फोनवर गुगल अनेकदा फोनचाच स्क्रीन लॉक विचारून नवा पासवर्ड ठेवू देतं. आमचं तसं झालं. लगेच त्या माणसाचा नंबर काढून खालांचा नंबर घातला आणि नवा पासवर्ड त्यांच्या रेशनकार्डाच्या पाकिटात एका चिठ्ठीवर लिहून ठेवला. पासवर्ड लिहून ठेवू नये म्हणतात. साठीच्या पुढच्या बाईने जरूर लिहून ठेवावा.

एखाददुसरा फोटो फोनमध्ये परत हवा असेल तर तो उघडून तीन ठिपके आणि Download. गॅलरीत तो बहुधा Restored नावाच्या अल्बममध्ये येतो, कॅमेऱ्याच्या जुन्या अल्बममध्ये नाही, म्हणून लोकांना वाटतं आलाच नाही. आधीपासून फोनमध्ये असलेल्या फोटोला Download दिसतच नाही, तेव्हा तो पर्याय नाही म्हणून घाबरू नका.

सगळेच फोटो हवे असतील तर कॉम्प्युटर लागतो. मी भाच्याच्या लॅपटॉपवर खालांचं जुनं खातं उघडून हा पत्ता टाकला:

```
takeout.google.com
```

तिथे आधी सगळ्या खुणा काढायच्या, Deselect all, आणि फक्त Google Photos वर खूण करायची. वर्षावार फोल्डरही निवडता येतात. पुढे फाइलचा आकार विचारतात, २ जीबी ठेवला की नेट तुटलं तरी एकच तुकडा पुन्हा उतरवावा लागतो. गुगल तयारी करून ईमेलवर लिंक पाठवतं, त्याला काही तास लागतात, कधी जास्त. लिंक साधारण आठवडाभरच चालते, म्हणून ती ईमेल रोज बघत राहायचं. आमचे सहा तुकडे झाले, एकूण अकरा जीबी. उघडल्यावर प्रत्येक फोटोसोबत एक छोटी फाइल येते जिच्या नावाच्या शेवटी json असतं. तिच्यात तारीख वगैरे असते, कचरा समजून टाकू नका.

एक गोष्ट मात्र परत येत नाही. खात्यात फोटो Storage saver या दर्जात ठेवले असतील तर ते दाबून लहान केलेले असतात. १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो तेवढ्यावर आणला जातो आणि व्हिडिओ १०८० च्या वर असेल तर १०८० वर. मूळ प्रत फोनमधून पुसली गेल्यावर ही लहान प्रतच उरते. खालूंच्या फोटोंच्या बाबतीत तेच झालं होतं. पण १६ मेगापिक्सेलचा फोटो २४ बाय १६ इंचाच्या फ्रेमलाही पुरतो, भिंतीवर लावायला काही कमी पडत नाही.

व्हॉट्सअॅपचं वेगळं. त्याचं फोल्डर बॅकअपमध्ये घातलेलं असेल तर Free up space तेही रिकामं करतं. मग जुन्या गप्पांमध्ये फोटो दाबला की फाइल फोनमध्ये नाही असा संदेश येतो. फोटो गुगल फोटोजमध्ये असतो, उतरवताही येतो, पण त्या गप्पेत परत बसत नाही. खालांनी बहिणीला ते फोटो पुन्हा पाठवायला सांगितले.

कुणाच्या घरी मरहूमांचा स्वतःचा जुना फोन बंद पडून असेल तर त्याच्याकडेही बघा. दोन वर्षं कुणीच वापरलं नाही तर गुगल ते खातं आणि त्यातले फोटो काढून टाकू शकतं. फोन चार्ज करून त्या खात्यात शिरून एकदा फोटोज उघडलं, तरी ते वापरात धरलं जातं.

Free up space आम्ही बंद केलं नाही, खालांचा फोन ६४ जीबीचा आहे, तो भरणारच. फक्त आता आधी Backup complete दिसतंय का आणि ते कुठल्या खात्यात, हे बघतो, आणि वर्षातून दोनदा सगळं पेनड्राइव्हवर घेतो. पहिला पेनड्राइव्ह त्यांनी निकाहनाम्याच्या डब्यात ठेवला आहे. नऊपैकी एका व्हिडिओत खालू नातवाला विचारतात, "शाळेत काय शिकवलं आज?" आणि तो पोरगा काहीच सांगत नाही, नुसता हसतो. त्या संध्याकाळी खालांनी तो मला चार वेळा लावायला लावला. शेवटची विरार लोकल चुकली, रिक्षाने गेलो.