सलामाच्या जवाबाची वाट पाहू नका

सकाळी सहाला मोबाइल उघडला की एक संदेश हमखास दिसतो. ‘अस्सलाम अलैकुम सर.’ बस, एवढंच. पाठवणारा रात्री अकराला सलाम करून जवाबाची वाट बघत झोपलेला असतो. मी सहाला ‘वअलैकुम अस्सलाम, बोला’ लिहितो आणि शाळेत जातो. त्याचं ‘बोला’ संध्याकाळी येतं, मी ते दुसऱ्या दिवशी सकाळी वाचतो. दीड दिवस गेला आणि काम काय आहे हे अजून मला ठाऊक नाही.

सलाम करणं सुन्नत आहे, जवाब देणं वाजिब आहे. पण सलाम आणि मजकूर एकाच संदेशात लिहू नये असं कुणी सांगितलं? याला आपण अदब म्हणतो. समोरचा माणूस दुसऱ्या देशात, दुसऱ्या घड्याळावर असेल तर ही अदब नव्हे, त्याच्या वेळेची उधळपट्टी आहे.

हे मी इतरांना सुनावतोय, पण सर्वांत मोठा गुन्हा माझाच होता. मुलांसाठी उर्दू-मराठी शब्दसूची तयार करणाऱ्या एका छोट्या गटात मी फावल्या वेळात काम करतो. प्रोग्रामर टोरांटोत, संपादक बाई रियाधमध्ये, मी महाराष्ट्रात. माझी कामाची वेळ फजरनंतर शाळेपर्यंत, कारण संध्याकाळ शिकवणीची आणि घरची. माझे सकाळचे साडेसहा म्हणजे जुलैत टोरांटोत आदल्या रात्रीचे नऊ आणि रियाधमध्ये पहाटेचे चार. म्हणजे मी लिहितो तेव्हा वाचायला कुणीच जागेवर नसतं.

एका मंगळवारी मी लिहिलं: ‘शब्दसूचीचं काम बरंचसं झालं. काही अक्षरांचा प्रॉब्लेम आहे. बघून सांगा. काही शंका असल्यास जरूर विचारा.’

टोरांटोने मंगळवारी विचारलं, कोणती अक्षरं, कोणत्या ओळी? मी ते बुधवारी सकाळी वाचून उत्तर दिलं. मग त्याने विचारलं, दुआंमधलं अक्षरही बदलायचं का? ते मला गुरुवारी सकाळी कळलं. तो निर्णय संपादक बाईंचा, म्हणून त्यांना विचारलं. त्यांनी विचारलं, कोणत्या दुआ? मी शुक्रवारी सकाळी यादी दिली. सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी. रविवारी त्यांनी ‘दुआ तशाच ठेवा’ म्हटलं, मी ते सोमवारी पाहून टोरांटोला कळवलं. दहा मिनिटांच्या कामाला सहा दिवस लागले आणि त्यात एकही माणूस आळशी नव्हता.

‘काही शंका असल्यास विचारा’ हे वाक्य ऐकायला विनयाचं आहे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की माझं अर्धं लिखाण मी केलेलं नाही, ते तुम्ही प्रश्न विचारून माझ्याकडून काढून घ्या. एकाच शाळेत असू तर चालतं, स्टाफरूममध्ये हाक मारली की खुलासा होतो. इथे एका खुलाशाची किंमत एक पूर्ण दिवस आहे.

तोच संदेश कसा हवा होता, ते लिहून दाखवतो.

> अस्सलाम अलैकुम. मंगळवार 15 जुलै, भारतात सकाळी 6.30.
>
> `shabdsuchi_07.xlsx` मधल्या 1240 शब्दांपैकी 910 तपासून झाले, ओळ 2 ते 911. उरलेले 330 गुरुवार 17 जुलैला, भारतात सकाळी 6.30 पर्यंत.
>
> 46 शब्दांत उर्दू काफ (U+06A9) ऐवजी अरबी कीबोर्डचा काफ (U+0643) पडला आहे. शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये दोन्ही सारखेच दिसतात, पण ॲपच्या शोधात शब्द सापडत नाही. ओळ 118 वरचा ‘किताब’ शोधून पाहा. 46 ओळींची यादी ‘काफ’ नावाच्या टॅबमध्ये आहे.
>
> रियाधसाठी: यातल्या 9 ओळी दुआंच्या अरबी मजकुराच्या आहेत, यादीत पिवळ्या केल्या आहेत. तिथे अरबी काफच बरोबर, असं माझं मत. वेगळं मत असेल तर बुधवार 16 जुलै, रियाधच्या दुपारी 12 पर्यंत इथेच लिहा.
>
> टोरांटोसाठी: बुधवारी तुमच्या सकाळी 9 ला रियाधचा वेगळा निरोप नसेल तर 37 ओळी बदला, पिवळ्या 9 ना हात लावू नका. मला विचारायची गरज नाही.

हे लिहायला बारा मिनिटं लागतात. काम बुधवारी संपलं असतं. रियाधची दुपार म्हणजे टोरांटोची पहाट, त्यामुळे तो उठून कामाला बसतो तेव्हा निर्णय झालेला असतो.

यातलं सर्वांत कामाचं वाक्य शेवटून दुसरं आहे: उत्तर आलं नाही तर काय करायचं. बहुतेक लोक फाइलचं नाव आणि आकडे लिहायला पटकन शिकतात, पण हे वाक्य लिहायला कचरतात. संपादक बाईंच्या परवानगीशिवाय मी कसं ठरवू, असा तकल्लुफ आडवा येतो. अहो, ठरवत नाही आहात. मत सांगताय, मुदत देताय, आणि जे बदलल्यावर मागे फिरणं अवघड ते तसंच ठेवताय. दुआ चुकून बदलल्या गेल्या तर नुकसान मोठं, म्हणून गप्प राहिल्यावर होणारी गोष्ट ‘हात लावू नका’ हीच ठेवली. हे नीट न निवडता नुसतं ‘उत्तर नसेल तर पुढे जातो’ लिहिणारा माणूस मला वाट पाहणाऱ्यापेक्षा धोकादायक वाटतो.

आता वेळेचं. आम्हा उर्दूवाल्यांचा एक खास आजार आहे. उर्दूत ‘कल’ म्हणजे कालही आणि उद्याही, क्रियापदावरून समजून घ्यायचं. ‘कल वाली फाइल’ असा संदेश आला की क्रियापदही नाही. मराठीत काल आणि उद्या वेगळे असले तरी माझ्या मंगळवारच्या सकाळी टोरांटोत सोमवारच असतो, मग माझा ‘उद्या’ कुणाचा? ‘मगरिबनंतर पाठवतो’ हे तर आणखी गोड. जुलैत मगरिब आपल्याकडे सव्वासातच्या सुमारास, टोरांटोत नऊच्या आसपास. इन्शाअल्लाह अवश्य लिहा, पण त्याच्या आधी वार, तारीख, शहर आणि घड्याळाची वेळ लिहा. शहर यासाठी की नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी टोरांटोची घड्याळं एक तास मागे जातात आणि साडेनऊ तासांचा फरक साडेदहा होतो. ईदचीही तीच गत. चाँदवर अवलंबून असलेली सुट्टी ‘ईदला बंद’ म्हणून कळवू नये, दोन्ही संभाव्य तारखा द्याव्यात.

‘त्यापेक्षा एक कॉल करा ना’ असं म्हणणारे खूप भेटतात. आमच्या तिघांना जागेपणी जमेल अशी वेळ म्हणजे भारतातले संध्याकाळचे साडेसहा. तेव्हा माझ्यासमोर दहावीची मुलं बसलेली असतात. कॉल झाला तरी जो हजर नव्हता तो दुसऱ्या दिवशी विचारणारच, काय ठरलं?

कॉल कुठे हवा हेही कबूल करतो. एकदा संपादक बाईंच्या तपासणीतल्या चुका मी अशाच नेटक्या, ओळ क्रमांकांसह लिहून पाठवल्या. त्यावर खरोखरच एकही प्रश्न आला नाही. चार दिवस काहीच आलं नाही. शेवटी मीच रविवारी फोन केला, आणि पहिली दहा मिनिटं चुकांविषयी बोललोच नाही.