हेअरबँड डोक्यावर की हवेत?

मागच्या आठवड्यात आमच्या भूमच्या शाळेत चौथीच्या एका मुलीने मैत्रिणीचं चित्र काढलं. केस मोकळे, वर लाल हेअरबँड. चेहरा छान जमला होता, पण बँड मात्र केसांवर चिकटपट्टी लावल्यासारखा दिसत होता. "गुरुजी, काय चुकलं?" म्हणाली. मी म्हटलं, मैत्रिणीला खिडकीपाशी बसव आणि आधी नुसतं बघ.

बघितल्यावर तिच्या लक्षात आलं, की बँड सरळ पट्टी नसते. डोकं गोल, म्हणून बँडही कमानीसारखा वळतो. समोरून पाहिलं तर मधे रुंद आणि कानाकडे जाताना निमुळता दिसतो. खरा बँड दोन सेंटिमीटर रुंद आणि डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण वीस. म्हणजे चित्रातलं डोकं दहा सेंटिमीटरचं असेल तर बँड मधे एक सेंटिमीटरच हवा. तिने दोन काढला होता! शिवाय बँडची टोकं कानामागे केसांखाली शिरतात. ती दिसत नाहीत, मग काढायचीच नाहीत. तिने ती कानावर आणून सोडली होती, सगळा घोटाळा तिथेच झाला.

आता केस. बँड लावताना आपण तो कपाळावरून मागे सरकवतो ना? त्यामुळे बँडच्या पुढचे केस ताणले जाऊन डोक्याला चपटे बसतात. कपाळाच्या कडेपासून बँडकडे जाणाऱ्या त्यांच्या रेषा जवळजवळ, ताठ काढा. बँडच्या मागे मात्र ताण सुटतो आणि केस थोडे फुगतात. म्हणून मागची बाह्यरेषा बँडपेक्षा किंचित वर उचला आणि तिथून केस सैल, वळणदार सोडा. पुढे मागे एकाच जातीच्या रेषा आल्या, की समजावं बँड हवेत आहे. दोन-तीन चुकार बटा बँडवरून जाऊ द्या. जास्त नकोत, नाहीतर मुलगी नुकतीच झोपेतून उठल्यासारखी दिसते.

सावली शेवटी. खिडकी डावीकडे होती, म्हणून बँडच्या उजव्या उतारावर, कडेला लागून, केसांवर बारीक सावली पडली होती. अगदी कडेशी गडद, लगेच फिकी. टू-बी पेन्सिलीने एक रेष ओढा आणि तिची बाहेरची बाजूच बोटाने पुसा. सगळी पुसली तर बँड पुन्हा उचलल्यासारखा दिसतो. चुकार बटांचीही बँडवर केसाएवढी सावली पडते. प्लॅस्टिकच्या बँडवर डावीकडे खोडरबराने चमक काढा. कापडी बँडला ती नको, कापड चमकत नाही.

तिने दुसऱ्यांदा काढलं तेव्हा मैत्रीण म्हणाली, "आता हा माझाच बँड आहे!" पण एक कान अजून मोठाच आहे. तो उद्या.