‘नक्की बनवू दादा’ एवढ्यावर थांबू नका. विषय सुचवणाऱ्या प्रेक्षकाला छोट्या चॅनलने काय उत्तर द्यावं?

यूट्यूबवरच्या कुठल्याही छोट्या मराठी चॅनलवर एक वाक्य हमखास दिसतं : ‘धन्यवाद दादा, या विषयावर नक्की व्हिडिओ बनवू.’ खाली हात जोडलेला इमोजी. सहा महिन्यांनी त्याच ठिकाणी तोच प्रेक्षक विचारतो, ‘भाऊ, व्हिडिओ आला का?’ त्यावर काहीच उत्तर नसतं.

चॅनलवाल्याचा हेतू वाईट नसतो. पण हे वाक्य कुठल्याही सूचनेखाली जसंच्या तसं चालतं आणि नेमका तोच त्याचा दोष आहे. आपण लिहिलेलं समोरच्याने वाचलं की नुसतं पाहिलं, हे प्रेक्षकाला त्यातून कळत नाही. लाखो सबस्क्रायबर असलेल्या चॅनलला प्रत्येकाला नीट उत्तर देणं शक्य नसतं. दिवसाला पाच-दहा प्रतिक्रिया येणाऱ्याला मात्र ते जमतं आणि त्याने ते करायलाच हवं.

एक उदाहरण घेऊ

समजा, एक शेतकरी फावल्या वेळात ठिबक सिंचनावरचं छोटं चॅनल चालवतो. त्याच्या व्हिडिओखाली एकजण लिहितो : ‘दादा, आमच्या ठिबकच्या नळ्या चोक होतात. ड्रिपरमधून पाणीच येत नाही. अ‍ॅसिड सोडायचं कसं, यावर व्हिडिओ करा.’

‘नक्की बनवू’ म्हणून मोकळं होणं इथे सोपं आहे. पण हा विषय जाणणाऱ्याला सूचनेतली अडचण लगेच दिसेल. ड्रिपर वेगवेगळ्या कारणांनी तुंबतात. पाण्यात क्षार जास्त असतील तर पांढरा, खरखरीत थर बसतो. त्यासाठी आम्ल प्रक्रिया करतात. शेवाळ किंवा जिवाणू वाढले तर बुळबुळीत थर तयार होतो. तिथे क्लोरीनची प्रक्रिया लागते. म्हणजे प्रेक्षकाने विचारलंय आम्लाबद्दल, पण त्याला ते लागणार आहे की नाही, हे अजून ठरलेलंच नाही.

मग उत्तर असं देता येईल :

‘दादा, ड्रिपर बंद पडतात हा मुद्दा लक्षात आला. व्हिडिओ करण्याआधी दोन गोष्टी सांगा. एखादा ड्रिपर काढून उभा कापला तर आत पांढरा खरखरीत थर दिसतो की हिरवट-तपकिरी चिकट? आणि पाणी बोअरचं आहे की शेततळ्याचं? थर पांढरा असेल तरच आम्लाचा उपयोग. तोवर लॅटरलची टोकं उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत नळ्या धुऊन घ्या.’

हे उत्तर लिहायला दोन मिनिटं लागतात. पण त्यात प्रेक्षकाची अडचण त्याच्याच शब्दांत परत आली आहे. उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असे प्रश्न आहेत आणि आज करता येईल असं एक बिनधोक कामही आहे. सूचना खरंच ऐकली गेली, हे दाखवायला ‘तुमची सूचना आवडली’ असं वेगळं लिहावं लागलं नाही.

काय लिहू नये?

मोह होतो तो इथेच एका ओळीत प्रमाण सांगून टाकण्याचा : ‘अमुक लिटर पाण्यात तमुक आम्ल टाका.’ ते टाळायला हवं. किती आम्ल लागेल हे पाण्याच्या गुणधर्मावर ठरतं. ते थोड्या पाण्यावर तपासून, सामू मोजून काढावं लागतं. शिवाय आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. हे इशारे एका ओळीच्या उत्तरात गळून पडतात आणि वाचणारा फक्त आकडा घेऊन शेतात जातो. ‘प्रमाण व्हिडिओतच दाखवतो, कारण मोजताना बघणं गरजेचं आहे’ असं सांगितलं तर प्रेक्षकाला राग येत नाही, कारण त्यामागचं कारण त्याला कळलेलं असतं.

दुसरी चूक म्हणजे तारखेचं आश्वासन. ‘पुढच्या रविवारी टाकतो’ असं एकट्याने चॅनल चालवणाऱ्याने लिहू नये. रविवारी लाइट गेली, पाहुणे आले, कांदा काढणी लागली की शब्द मोडतो. त्यापेक्षा अट सांगावी : ‘कांदा काढणी झाली की आमच्याच संचावर प्रक्रिया करून दाखवतो.’ वाट कशाची पाहायची, हे प्रेक्षकाला कळतं.

आणि विषय आपला नसेल तर तसं स्पष्ट लिहावं. ‘आमच्याकडे सामू मोजायचं साधन नाही, त्यामुळे हा व्हिडिओ आम्ही करणार नाही. कृषी विज्ञान केंद्रात पाणी तपासून घ्या’ हा नकार ‘नक्की बनवू’पेक्षा जास्त उपयोगी आहे. प्रेक्षकाचे सहा महिने तरी वाचतात.

व्हिडिओ आल्यावर काम संपत नाही

बहुतेक चॅनलवाले इथेच चुकतात. व्हिडिओ तयार होतो, पण विषय सुचवणाऱ्याला तो आल्याचं कळतच नाही. त्यामुळे नवा व्हिडिओ टाकल्यावर जुन्या सूचनेखाली जाऊन नवं उत्तर लिहायला हवं : ‘दादा, तुम्ही विचारलेला व्हिडिओ आला. पांढरा थर कसा ओळखायचा ते 2:15 ला आहे.’ व्हिडिओची लिंकही तिथेच द्यावी. त्या प्रेक्षकाने नोटिफिकेशन बंद केलेले नसतील तर त्याला सूचना जाते. आधीचं उत्तर नुसतं दुरुस्त करण्यापेक्षा नवं लिहिलेलं बरं, कारण ते नजरेत येतं.

जुनी सूचना सापडत नसेल तर यूट्यूब स्टुडिओत प्रतिक्रिया शब्दाने शोधता येतात. उत्तर न दिलेल्या प्रतिक्रिया वेगळ्या काढायची सोयही तिथे आहे. तरीही सर्वांत भरवशाचा उपाय साधा आहे : वहीत किंवा फोनमधल्या नोट्समध्ये विषय, तो सुचवणाऱ्याचं हँडल आणि कुठल्या व्हिडिओखाली सुचवला, एवढं टिपून ठेवणं.

श्रेय देतानाही थोडी काळजी हवी. आपल्याकडे अनेकजण प्रतिक्रियेतच गाव आणि मोबाइल नंबर लिहून टाकतात. तिचा स्क्रीनशॉट व्हिडिओत दाखवला तर तो नंबर अनोळखी लोकांपर्यंत जातो. म्हणून नंबर झाकावा, ‘दादा, नंबर काढून टाका’ असंही कळवावं आणि नाव घेण्याआधी विचारावं. आपलं शेत तुंबलंय हे गावभर व्हावं, असं प्रत्येकालाच वाटत नाही.

आता तोच शेतकरी परत येऊन लिहितो, ‘कापून पाहिला दादा, थर चिकट आहे. पाणी शेततळ्याचं आहे.’ म्हणजे व्हिडिओचा विषयच बदलला. चॅनलवाल्याने आम्लावर व्हिडिओ केला असता तर ज्याने सुचवला, त्याच्याच कामाचा तो ठरला नसता. आधी दोन प्रश्न विचारल्यामुळे ते टळलं.