रकाने ऐकू येत नाहीत

केंद्रीय अर्थसंकल्पाच्या दिवशी आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात पहिल्यांदा पडतो तो ‘अर्थसंकल्प एका दृष्टिक्षेपात’ हा तक्ता. नावातच दृष्टी आहे, आणि आपला श्रोता तर गाडी चालवत असतो किंवा भाजी निवडत असतो. तक्त्यात चार रकाने असतात: आदल्या वर्षाचे प्रत्यक्ष आकडे, चालू वर्षाचा मूळ अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. डोळा वर जाऊन मथळा पाहून परत खाली येतो. कानाला ती सोय नाही. म्हणून कोणत्या रकान्याशी तुलना केली हे वाक्यातच यायला हवं, आणि संहिता लिहिताना नेमकं तेच गळतं.

१ फेब्रुवारी २०२५ ला मांडलेल्या तक्त्यातली भांडवली खर्चाची ओळ घ्या. २०२५-२६ साठी तरतूद ११.२१ लाख कोटी रुपये. त्याआधीच्या वर्षाचा मूळ अंदाज ११.११ लाख कोटी, सुधारित अंदाज १०.१८ लाख कोटी. ‘भांडवली खर्चात दहा टक्के वाढ’ असं म्हटलं तर ते खोटं नाही. ‘वाढ एक टक्काही नाही’ हेही खरंच. पहिलं वाक्य सुधारित अंदाजाशी तोलतं, दुसरं मूळ अंदाजाशी. श्रोत्याला दोन्ही टक्के सांगून गोंधळात टाकण्यापेक्षा जे घडलं ते क्रमाने सांगावं: “रस्ते, रेल्वे अशा टिकाऊ कामांसाठी सरकारने गेल्या वर्षी अकरा लाख कोटींहून थोडी अधिक रक्कम ठरवली होती. प्रत्यक्षात सव्वादहा लाख कोटींच्या आतच खर्च होईल असं आता दिसतंय. यंदा पुन्हा जवळपास पहिल्याइतकीच रक्कम ठेवली आहे.” टक्का एकही नाही, तरी तिन्ही रकाने आले. शिवाय पैसे ठरले तेवढे खर्चले गेले नाहीत ही खरी बातमीही आली.

तुटीच्या ओळीत उलटा सापळा आहे. राजकोषीय तूट ४.८ टक्क्यांवरून ४.४ टक्क्यांवर येणार म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, सरकार कमी उसनवारी करणार. रुपयांत पाहिलं तर दोन्ही वर्षी ती १५.६९ लाख कोटींच्याच घरात आहे, फरक जेमतेम ५९१ कोटींचा. टक्का उतरला तो देशाचं उत्पन्न वाढेल असं धरल्यामुळे. तेव्हा आधी “तूट रुपयांत जवळपास तेवढीच, पावणेसोळा लाख कोटींच्या थोडी आत” असं सांगावं आणि मग टक्क्याला हात घालावा. इथे ‘०.४ टक्क्याने घट’ हे शब्द तर टाळाच. निम्म्या लोकांना ती शंभर रुपयांतली चाळीस पैशांची घट वाटेल.

पावणे, सव्वा, साडे हे आपल्या भाषेने दिलेलं आयतं गोलीकरण आहे. ‘पंधरा लाख अडुसष्ट हजार नऊशे छत्तीस कोटी’ हे उच्चारून संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. मात्र पुढच्या वाक्यात बारीक फरक सांगायचा असेल तर दोन्ही आकडे ‘पावणेसोळा’ करून चालणार नाही. मग फरकच थेट सांगावा.

सर्वांत जास्त घोटाळा ‘पैकी’ने होतो. व्याजाची ओळ महसुली खर्चाच्या पोटात असते. छापील तक्त्यात ती थोडी आत सरकवलेली असते, पण ओळीने वाचत गेलं की श्रोता तीही बेरजेत धरतो. त्यामुळे एकूण आधी, मग “त्यातलेच पावणेतेरा लाख कोटी व्याजापोटी”, असं सांगावं. ‘त्यातलेच’मधला ‘च’ कापू नका.

व्याजाचा वाटा सांगताना आणखी एक मेख आहे. एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी, म्हणजे शंभरातले पंचवीस रुपये व्याजाचे. महसुली जमेशी ताडलं तर सदतीस. आणि सरकारचंच ‘रुपया जातो कुठे’ हे वर्तुळ सांगतं वीस पैसे. तिन्ही बरोबर आहेत. वर्तुळातल्या रुपयात राज्यांना जाणारा करांचा वाटाही धरलेला असतो, तक्त्यातल्या एकूण खर्चात तो नसतो. एका बातमीत यांपैकी एकच आधार घ्या आणि तो बोलून दाखवा: “केंद्र खर्च करतं त्या दर शंभर रुपयांतले पंचवीस.” दुसऱ्या वाक्यात वर्तुळातले पैसे आले, तर ऐकणाऱ्याला व्याज अचानक कमी झाल्यासारखं वाटेल.

संहिता झाली की तक्ता न पाहिलेल्या सहकाऱ्याला एकदाच वाचून दाखवा आणि विचारा: भांडवली खर्च वाढला की नाही, आणि कशाच्या तुलनेत? पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळालं पण दुसऱ्याला नाही, तर वाक्य पुन्हा लिहायला घ्या.