एका ‘लाइट’चे किती मराठी शब्द?

पांढुर्णा आणि सौसरच्या बाजारात मराठी माणूस कापड घ्यायला गेला की हमखास एक वाक्य कानी पडते : ‘हलका निळा दाखवा.’ दुकानदाराला ते समजते, गिऱ्हाइकालाही समजते. व्यवहार पार पडतो. तरीही ते वाक्य मराठी नव्हे. मराठीत रंग ‘फिकट’ असतो किंवा ‘फिका’ असतो. ‘हलके’ असते ते कापड. आणि कापड हलके आहे असे म्हटले, तर ते वजनाने कमी आहे की प्रतीने कमी आहे, असा प्रश्न लगेच उभा राहतो, कारण मराठीत ‘हलक्या प्रतीचा’ हा शब्दप्रयोग पक्का रुजलेला आहे. फिकट रंगाची उत्तम साडी मागणाऱ्या बाईला सीमेपलीकडच्या, वरूड-नरखेडच्या दुकानात ‘हलकी साडी’ म्हणून भलतेच काही दाखवले गेले, तर दोष दुकानदाराचा नाही.

हा ‘हलका रंग’ हिंदीतून आला हे उघड आहे. हिंदीतला ‘हल्का’ वजनालाही चालतो आणि रंगालाही चालतो. इंग्रजीतला ‘लाइट’ही तसाच दोन्हीकडे चालतो. त्यामुळे आपल्याकडे शाळेत इंग्रजी शब्दाचा अर्थ हिंदीतून शिकलेल्या मुलाला वाटते, की लाइट म्हणजे हल्का आणि हल्का म्हणजे हलका. दोन पायऱ्यांच्या या उतरणीत मूळ अर्थ कोठे सांडला, हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

वस्तुतः इंग्रजीत ‘लाइट’ हा एक शब्द नाहीच. ते निदान दोन शब्द आहेत. काळाच्या ओघात त्यांचे रूप एकसारखे झाले, इतकेच. उजेड या अर्थाचा ‘लाइट’ ज्या प्राचीन धातूतून आला, त्यातूनच संस्कृतचा ‘रुच्’ म्हणजे प्रकाशणे आला. वजनाने कमी या अर्थाचा ‘लाइट’ मात्र संस्कृतच्या ‘लघु’चा भाऊबंद आहे. आणि गंमत अशी, की आपला ‘हलका’ही त्या ‘लघु’चाच वंशज. ‘लघुक’चे प्राकृतात ‘लहुअ’ झाले, मग ल आणि ह यांनी जागा बदलल्या आणि ‘हलुअ’ झाले. त्यातून आपल्याला ‘हळू’ आणि ‘हलका’ मिळाले. म्हणजे हलका हा शब्द एका लाइटचा दूरचा नातलग आहे, दुसऱ्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. फिकट रंगाचा ‘लाइट’ हा या दुसऱ्याच, उजेडाच्या घराण्यातला. तेथे ‘हलका’ बसवणे म्हणजे केवळ नावसाधर्म्यावरून परक्या घरी पाहुणचाराला जाणे होय.

मग योग्य शब्द निवडावा कसा? माझी रीत साधी आहे : मूळ वाक्यातल्या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द शोधावा. लाइटच्या विरुद्ध तेथे ‘भारी’ येत असेल तर हलका, ‘गडद’ येत असेल तर फिकट आणि ‘काळोख’ येत असेल तर उजेड किंवा प्रकाश.

आपल्या भागातील संत्रा बागायतदारांसाठी एक इंग्रजी पत्रक मराठीत आणायचे आहे, असे समजा. त्यात ‘लाइट सॉइल’ येते. तिच्या विरुद्ध भारी जमीन. म्हणून हलकी जमीन, हे ठरले. शेतकऱ्याचाच शब्द आहे तो. पुढे ‘लाइट ट्रॅप’ येतो. याच्या विरुद्ध ‘भारी सापळा’ संभवत नाही. फळातला रस शोषणाऱ्या पतंगांना रात्री दिव्याकडे ओढून पकडण्याची ती युक्ती आहे, म्हणून ‘प्रकाश सापळा’. त्यानंतर ‘लाइट इरिगेशन’. येथे जरा थांबावे लागते. ‘हलके पाणी’ लिहिले, तर खेड्यातल्या वाचकाला ते पचायला हलके, म्हणजे ‘जड पाण्या’च्या उलट, असे वाटू शकते. हलकी जमीन पाणी धरून ठेवत नाही, तेव्हा थोडे थोडे पण लवकर लवकर पाणी द्यावे, असा पत्रकाचा सल्ला आहे. म्हणून ‘पाण्याची हलकी पाळी’ लिहावे. ‘पाळी’ या एका शब्दाने संदिग्धता गेली. एकाच परिच्छेदात एका इंग्रजी शब्दासाठी आपण तीन निर्णय घेतले आणि तिन्ही योग्य आहेत.

ही कसोटी सर्वत्र पुरत नाही, हेही सांगितले पाहिजे. रेल्वेत ‘लाइट इंजिन’ म्हणजे डबे न जोडता एकटेच धावणारे इंजिन. पांढुर्ण्यावरून इटारसी-नागपूर मार्गाने जाणारे असे इंजिन वजनाने काही हलके नसते. तेथे कोश मिटून रेल्वेतल्या माणसालाच विचारावे लागते.

‘बँक’ची गोष्ट उलट्या दिशेने रंजक आहे. पैशांची बँक इटालियन भाषेतल्या ‘बाक’ या अर्थाच्या शब्दावरून आली, कारण सराफ बाकावर बसून व्यवहार करीत. आपली ‘पेढी’ही बसण्याच्या ‘पीठा’वरूनच आली. त्यामुळे ‘रक्तपेढी’ हा शब्द मला मराठीतल्या उत्तम घडणींपैकी एक वाटतो. ठेव ठेवणे आणि गरजेला काढणे हा अर्थ त्यात आपोआप येतो. पैशांच्या संस्थेला मात्र ‘बँक’च म्हणावे. फक्त ती ‘बँक’ अशी लिहावी; आपल्याकडच्या पाट्यांवर दिसणारे ‘बैंक’ ही हिंदीची लेखनपद्धती आहे.

नदीच्या ‘बँक’ला मात्र इंग्रजीपेक्षा मराठी श्रीमंत आहे. पाण्यालगतचा तो काठ, उभी कडा असून ढासळते ती दरड, नदीकाठचा पट्टा ती थडी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव गोटमारीसाठी समोरासमोर येतात, ते ऐलतीर आणि पैलतीर. बोलणारा कोठे उभा आहे, हे या शब्दांत गोवलेले असते. इंग्रजीला त्यासाठी वेगळे शब्द जोडावे लागतात. नदी ‘दुथडी’ भरून वाहते, तेव्हा दोन्ही ‘बँका’ एका शब्दात येतात. आणि कालव्याच्या नावातून तर बँक गळूनच पडते : पेंचचा ‘राइट बँक कॅनॉल’ म्हणजे सरळ ‘उजवा कालवा’. तेथे ‘उजवा काठ कालवा’ असे लिहिणारा अनुवादक शब्द मोजतो आहे, अर्थ नाही.

‘एका इंग्रजी शब्दाला एकच ठरलेला मराठी शब्द हवा’ असा आग्रह धरणारे आपल्यातही आहेत. त्यांच्या मनात शिस्त असते, हे मी मानतो. पण शिस्त असावी ती एका क्षेत्रातल्या एका संकल्पनेला एक शब्द, अशी. हवामानाच्या बातमीत ‘हलका पाऊस’ म्हणजे २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर, असे हवामान खात्याने ठरवलेले आहे. तेथे ‘तुरळक’ लिहिणे चूक, कारण तुरळक हे पावसाच्या प्रमाणाचे नव्हे, ठिकाणांचे विशेषण आहे. त्या क्षेत्रात हा नेम पाळावा. झोपेच्या बाबतीत तोच ‘लाइट’ आला तर मात्र ‘सावध झोप’ म्हणावे.

आणि अनेकार्थी शब्दांचा हा घोळ केवळ इंग्रजीचा आहे, असेही नाही. पांढुर्णा-सौसरच्या सातबाऱ्यासारख्या कागदावर, म्हणजे खसऱ्यावर, ‘पटवारी हल्का नंबर’ लिहिलेला असतो. हा ‘हल्का’ अरबीतून आलेला असून त्याचा अर्थ वर्तुळ, म्हणजे पटवाऱ्याचे क्षेत्र. ‘हलका’शी त्याचे काही नाते नाही. महाराष्ट्रात त्याला ‘तलाठी सजा’ म्हणतात. आता ही ‘सजा’ म्हणजे शिक्षा नव्हे, हे पलीकडच्या नातेवाइकांना समजावून सांगण्याची गरज नाही. इकडच्यांना मात्र एकदा सांगून ठेवावे.